बिलाखालची टीप

अनुवादकाच्या बिलावर शब्दसंख्या, दर आणि रक्कम असे तीनच आकडे असतात. दर आधीच ठरलेला असतो. वाद होतो तो शब्दसंख्येवरून. शब्द मोजायचे ते मूळ इंग्रजीचे की तयार झालेल्या मराठीचे?

समजा, पंप बनवणाऱ्या एका कारखान्याने इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत करून घेतली. मूळ मजकूर ४,२०० शब्दांचा आणि दर, उदाहरणापुरता, शब्दाला अडीच रुपये. बिल झालं १०,५०० रुपयांचं. हिशेब पाहणाऱ्याने मराठी फाइल उघडली, तर शब्द भरले ३,३००. म्हणजे त्याच्या मते ८,२५० रुपयेच द्यायला हवेत. यात लबाडी कुणाचीच नाही. 'फ्रॉम द डेट ऑफ पर्चेस' हे इंग्रजीतले पाच शब्द मराठीत 'खरेदीच्या तारखेपासून' असे दोनच होतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. काम मात्र तेवढंच असतं.

म्हणून बिलाखालच्या टीपेत पहिलं वाक्य असावं: 'शब्दसंख्या मूळ मजकुराची धरली आहे.' ती काम सुरू होण्याआधीच दोघांनाही मोजता येते, त्यामुळे खर्चही आधीच कळतो. मूळ कागद स्कॅन केलेला असेल आणि त्यातले शब्द मोजता येत नसतील, तर मराठीचे शब्द धरतात. मग दर त्या हिशेबाने वाढवून सांगावा लागतो.

मोजणी कशावर केली, हेही लिहावं. वर्डच्या मोजणीत तळटीपा आणि चौकटींतला मजकूर धरायचा की नाही, याची खूण वेगळी करावी लागते. पानाच्या माथ्यावरचा व तळाचा मजकूर आणि चित्रांतली अक्षरं त्यात येतच नाहीत. पंपाच्या आकृतीतल्या भागांची नावं अशीच सुटतात. ती हाताने मोजून वेगळ्या ओळीत दाखवावीत.

तिसरा मुद्दा दुरुस्त्यांचा. अनुवादकाची चूक असेल तर दुरुस्ती फुकट, यात दुमत नाही. शैलीबद्दलच्या सूचनांसाठी एक फेरी दरातच धरण्याची पद्धत बरी. पण अनुवाद हाती पडल्यावर कारखान्याने मूळ इंग्रजीच बदललं, तर ते नवं काम झालं. आपल्या उदाहरणात ३५० शब्द नव्याने आले. त्यांचे नेहमीच्या दराने ८७५ रुपये. जुन्या वाक्यांत इथेतिथे झालेले बदल शब्दांत मोजता येत नाहीत, त्यांना तासाचा दर लावतात. ताशी ६०० रुपयांनी दोन तासांचे १,२०० झाले. एकूण बिल १२,५७५. सोबत दोन्ही इंग्रजी मसुद्यांची वर्डमध्ये तुलना करून ती फाइल जोडली, की कुठलं वाक्य बदललं ते दिसतं.

हीच टीप कामाआधीच्या दरपत्रकात घालून मंजुरी घ्यावी. पहिल्यांदा बिलातच दिसलेली अट ग्राहकाने का मानावी?