गुणफलकापलीकडची कबड्डी : चित्रफितीतून खेळाडूची नोंदवही

शापोरा नदीकाठच्या चोपड्यासारख्या गावात रात्रीच्या प्रकाशझोतात कबड्डीचा सामना रंगला, की आज कुणा ना कुणाच्या मोबाईलमध्ये तो पूर्ण चित्रित होतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्या सामन्यातून उरतो तो केवळ अंतिम गुणफलक आणि एखाद्या चढाईपटूचे नाव. संघनिवडीच्या वेळी पेडणे वा डिचोली तालुक्यातील खेळाडूची बाजू मांडायची झाल्यास आधार असतो तो पाहणाऱ्यांच्या स्मरणाचा. स्मरणात गुण राहतात. रिकाम्या गेलेल्या चढाया आणि फसलेल्या पकडी राहत नाहीत. चित्रफितीवरून चढाईगणिक नोंद केली, तर नेमका हाच हरवलेला भाग परत मिळवता येतो.

या नोंदीचे एकक गुण नसून चढाई हे आहे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात, प्रत्येक चढाईला तीस सेकंदांची मर्यादा धरली, तर साधारण ऐंशी चढाया होतात. प्रत्येक चढाईसाठी एक ओळ, मग गुण मिळो वा न मिळो. त्या ओळीत चित्रफितीतील वेळ, चढाईपटूचा क्रमांक, समोर मैदानात असलेल्या बचावपटूंची संख्या, स्पर्शाचे गुण, बोनस, पकड करणाऱ्याचा क्रमांक आणि लोण एवढे रकाने पुरतात. यांतील बचावपटूंची संख्या हा रकाना नवखा नोंदकार हमखास गाळतो. प्रत्यक्षात सगळा हिशेब त्यावरच उभा असतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी असताना पकड झाली, तर ती सुपर टॅकल ठरून एका गुणाऐवजी दोन गुण मिळतात.

एक काल्पनिक डाव घेऊ. लाल आणि निळा, दोन्ही संघ सात-सात खेळाडूंनिशी उतरले आहेत. पहिल्या चढाईत लाल संघाचा चार क्रमांकाचा खेळाडू बोनस रेषा ओलांडतो. पण परतताना निळ्या संघाचा दोन क्रमांकाचा खेळाडू त्याची पकड करतो. बोनसचा एक गुण लाल संघाला आणि पकडीचा एक निळ्या संघाला. एकाच ओळीत दोन्ही संघांचे गुण येतात, हे पहिल्याच चढाईत लक्षात ठेवावे लागते. आता मैदानात लाल सहा आणि निळे सात. दुसऱ्या चढाईत निळ्या संघाचा नऊ क्रमांकाचा खेळाडू दोघांना बाद करतो. गुण १-३ आणि लाल संघाचे चार उरतात. तिसरी चढाई लाल संघाच्या दहा क्रमांकाच्या खेळाडूची; ती रिकामी जाते. चौथ्या चढाईत निळ्यांचा नऊ क्रमांकाचा खेळाडू आणखी एकाला टिपतो. गुण १-४, लाल संघाचे तीन उरले. पाचवी पुन्हा लाल संघाच्या दहा क्रमांकाची आणि पुन्हा रिकामी. सहाव्या चढाईत निळा नऊ आत येतो आणि लाल संघाचा पाच क्रमांकाचा खेळाडू त्याला जखडून ठेवतो. बचावात तिघेच असल्याने ही सुपर टॅकल. गुणफलक ३-४ असा होतो.

येथेच चूक होण्याचा संभव असतो. सुपर टॅकलला गुण दोन मिळतात. मात्र मैदानात परततो तो एकच खेळाडू. बोनसच्या गुणावर तर कोणीच परतत नाही. म्हणजे लाल संघाचे आता चार खेळाडू असायला हवेत, पाच नव्हे. हीच नोंदकाराची सर्वांत खात्रीची कसोटी आहे. प्रत्येक ओळीनंतर कागदावरच्या हिशेबाने येणारी खेळाडूंची संख्या आणि पुढची चढाई सुरू होताना पडद्यावर दिसणारी संख्या जुळली पाहिजे. जुळली नाही, तर चूक मागच्या एक-दोन ओळींतच असते. सामना संपल्यावर ती शोधत बसावे लागत नाही.

गुण कोणाच्या नावावर मांडायचे, हा यापुढचा प्रश्न. चढाईपटूच्या खात्यात स्पर्शाचे गुण आणि बोनस जातात. लोणाचे दोन गुण संघाच्याच खात्यात राहतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रो कबड्डीच्या एलिमिनेटर सामन्यात पटना पायरेट्सने हरियाणा स्टीलर्सला ६९-३० असे हरवले. त्यात परदीप नरवालच्या नावावर ३४ चढाई गुण लागले. त्याच्या चढाईने लोण पूर्ण झाला, तरी लोणाचे गुण त्या ३४ मध्ये धरले जात नाहीत. गावच्या नोंदीत लोण चढाईपटूच्या नावावर टाकला, तर आकडे फुगतात आणि इतर ठिकाणच्या आकडेवारीशी तुलना अशक्य होते.

पकडीचे श्रेय अधिक अवघड असते. चढाईपटूवर चौघे तुटून पडतात. गुण मात्र एकच. येथे रूढ संकेत असा, की ज्याने आधी घोटा, मांडी वा कंबर धरून चढाईपटूची गती रोखली, त्याला गुण द्यावा आणि इतरांची ‘साहाय्य’ म्हणून वेगळी नोंद करावी. चित्रफीत मंद गतीने पाहिली, की पहिला हात कोणाचा, हे बहुधा स्पष्ट होते. फसलेल्या पकडीची नोंदही तितकीच आवश्यक आहे. पण बाद झालेला प्रत्येक बचावपटू पकडीला गेलेला नसतो. त्याने पकडीसाठी झेप घेतली असेल, तरच तो अयशस्वी प्रयत्न. उभ्या जागी स्पर्श झाला असेल, तर नाही. हा भेद नोंदी सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावा. मग दोघांनी एकमेकांचे न पाहता एकाच डावाची नोंद करावी. जेथे ओळी जुळत नाहीत, तेथे नियम पुरेसा स्पष्ट नाही असे समजावे.

चित्रफितीलाही मर्यादा आहेत. मध्यरेषेच्या टोकाशी, थोड्या उंचीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात दोन्ही अंगणे मावतात. परंतु पलीकडच्या कोपऱ्यातील स्पर्श खेळाडूंच्या पाठीआड झाकला जातो आणि पाय बोनस रेषेपलीकडे गेला की नाही, हे तिरक्या कोनातून ठरत नाही. अशा वेळी पंचांचा निर्णयच नोंदवावा. नोंदकाराला तो चुकीचा वाटला, तर शेजारी खूण करावी. गुण बदलू नयेत. अन्यथा शेवटची बेरीज गुणलेखकाच्या तक्त्याशी जुळणार नाही. स्पर्श, बोनस, पकड, सुपर टॅकलचे जादा गुण, लोण आणि तांत्रिक गुण यांची बेरीज अधिकृत गुणसंख्येइतकी भरली, तरच ती नोंद ग्राह्य धरावी.

आता वरच्या सहा ओळींकडे पुन्हा पाहिले, तर निळ्या नऊचे चित्र दिसते : तीन चढाया, दोन यशस्वी, तीन गुण, मात्र तिन्ही वेळा समोर सहा किंवा त्याहून कमी बचावपटू. सात जणांच्या भरल्या अंगणात तो कसा खेळतो, हे या सहा ओळी सांगत नाहीत. लाल दहाच्या दोन रिकाम्या चढाया तर भरलेल्या अंगणातच गेल्या. गुणफलकावर तो शून्य दिसतो. पण जोखीम न घेता परतणे ही संघाची योजनाही असू शकते. त्याच्या संघाची पुढची चढाई, जेथे तिसऱ्या चढाईचा नियम लागू आहे तेथे, गुण मिळवण्याची किंवा बाद होण्याची असेल. ती चढाई त्याच्याच वाट्याला आली, तर त्याची खरी परीक्षा त्या ओळीत आहे. म्हणून एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये. हंगामातील आठ-दहा सामन्यांच्या ओळी एकत्र आल्यावरच सात बचावपटूंविरुद्धचे यश, तिसऱ्या चढाईतील यश आणि दर दहा प्रयत्नांमागे साधलेल्या पकडी हे आकडे बोलू लागतात. क्वचितच टाळ्या मिळवणाऱ्या कोपरारक्षकाचे नाव निवड समितीपुढे पुराव्यानिशी येते, ते अशाच नोंदवहीतून.