‘नाही’ शेवटी येते

आमच्या वाड्यातल्या आजींना गेल्या वर्षी घरमालकाच्या वकिलाची नोटीस आली. काही महिन्यांचे भाडे थकले होते, त्याची मागणी होती. नातवाने कुठून तरी भाडे कायद्याच्या एका कलमाचा मराठी तर्जुमा मिळवून आणला होता. तो कागद घेऊन आजी माझ्याकडे आल्या, कारण कायद्याचे इंग्रजी कागद मराठीत आणणे हे माझे रोजचे काम आहे. एका वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. म्हणाल्या, “नोटीस कळली मला. हे कळत नाहीये. तीनदा वाचलं. ते माझ्यावर दावा लावणार की नाही, एवढंच सांग.”

वाक्य साधारण असे होते:

“घरमालकाकडून भाडेकरूविरुद्ध, देय झालेले प्रमाण भाडे किंवा अनुज्ञेय वाढ न दिल्याच्या कारणावरून, प्रमाण भाड्याची किंवा अनुज्ञेय वाढीची मागणी करणारी लेखी नोटीस, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०६ मध्ये तरतूद केलेल्या रीतीने भाडेकरूवर बजावण्यात आल्यानंतरचे लगतचे नव्वद दिवस संपेपर्यंत, जागेचा कब्जा परत मिळवण्यासाठी कोणताही दावा दाखल करण्यात येणार नाही.”

हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १५, पोटकलम २. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. मूळ इंग्रजीतला एकही शब्द गाळलेला नाही. तरीही चांगले वाचता येणाऱ्या बाईला त्यातून ‘हो’ की ‘नाही’ एवढेसुद्धा कळले नाही.

वाक्यातले शब्द मोजले की कारण हाती येते. मराठी वाक्यात एकोणपन्नास शब्द आहेत आणि ‘नाही’ हा एकोणपन्नासावा आहे. इंग्रजी कलमात नकार हाच पहिला शब्द आहे. दावा, तोही कब्जा परत मिळवण्याचा, आणि तो दाखल होणार नाही, एवढे सगळे तिथे पहिल्या नऊ शब्दांत सांगून होते. पुढे कोणाकडून, कोणाविरुद्ध, कोणत्या कारणावरून, कधीपर्यंत हे तपशील मागून एकेक करून जोडले जातात. वाचणाऱ्याला मुख्य गोष्ट आधीच कळलेली असते, त्यामुळे शेपूट कितीही लांबले तरी तो हरवत नाही.

आपल्याकडे क्रियापद शेवटी. इंग्रजी वाक्याच्या मागे लटकणारे सगळे तपशील मराठीत क्रियापदाच्या आधी येऊन बसतात. ‘घरमालकाकडून’ हा पहिला शब्द वाचला की तो डोक्यात धरून ठेवायचा, कारण घरमालक काय करणार हे थेट शेवटी कळणार. मधे भाडे येते, नोटीस येते, १८८२ चा दुसरा कायदा येतो. आजींचे बोट ‘नव्वद दिवस’पर्यंत पोहोचले तेव्हा घरमालक त्यांच्या हातून केव्हाच निसटला होता.

म्हणून असे वाक्य हाती आले की मी पहिल्या शब्दापासून सुरुवात करत नाही. आधी इंग्रजीतले मुख्य क्रियापद शोधतो आणि त्याचा कर्ता कोण ते पाहतो. मग उरलेला मजकूर वेगळा काढतो: प्रसंग कोणता, आणि अट कोणती. ही विभागणी माझी नाही. जॉर्ज कूड नावाच्या इंग्लिश कायदेपंडिताने १८४० च्या दशकात कायद्याच्या भाषेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. कायद्याच्या प्रत्येक आज्ञेत प्रसंग, अट, कर्ता आणि कृती असे चार भाग असतात, असे त्याने त्यात मांडले. त्याचे उदाहरण क्वेकर पंथातल्या माणसाचे होते. अशा माणसाने चर्चची पट्टी भरायला नकार दिला, हा प्रसंग. चर्चच्या कारभाऱ्याने तक्रार केली, ही अट. जवळचा न्यायदंडाधिकारी, हा कर्ता. त्याला त्या माणसाला बोलावून घेता येईल, ही कृती. भाग याच क्रमाने मांडावेत, असा त्याचा आग्रह होता.

मला हे पहिल्यांदा वाचताना फार आनंद झाला होता. कूड इंग्रजांना जो क्रम शिकवत होता, तो मराठीत आपसूक येतो. ‘असे झाले, आणि तसे केले, तर याने हे करावे.’ आपली आई आपल्याला याच क्रमाने सांगते: पाऊस आला आणि मी घरी नसले, तर तू वाळत घातलेले कपडे काढ. प्रसंग, अट, कर्ता, कृती. मराठीला लांब वाक्य पेलत नाही, ही समजूत खरी नाही. चारही भाग क्रियापदाच्या आधी एकाच श्वासात कोंबले, की मात्र ते तिला पेलत नाही.

आजींच्या कलमाचे तुकडे मी पहिल्यांदा केले ते असे:

“भाडे थकले, तर घरमालकाने भाडेकरूवर थकबाकी मागणारी लेखी नोटीस बजावली पाहिजे. ती कलम १०६ मध्ये सांगितलेल्या रीतीने बजावावी. त्यानंतर नव्वद दिवसांनी त्याला दावा दाखल करता येईल.”

वाचायला किती सोपे झाले! आणि कायदा तीन ठिकाणी बदलला.

पहिली चूक ‘बजावली पाहिजे’ची. यावरून वाटते की भाडे थकले की नोटीस देणे हे घरमालकाचे कर्तव्यच आहे. कलमाने त्याच्यावर असे काही लादलेले नाही. त्याला दावा करायचा नसेल, तर तो गप्प बसू शकतो. दुसरी चूक ‘दाखल करता येईल’ची. कलमाने फक्त मनाई केली आहे, परवानगी दिलेली नाही. मनाईची मुदत संपली म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. त्याच कलमाचे पहिले पोटकलम म्हणते की भाडेकरू भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल आणि बाकीच्या अटी पाळत असेल, तोवर घरमालकाला कब्जा मागण्याचा हक्कच नाही. आणि दावा दाखल झालाच, तरी तिसऱ्या पोटकलमाने भाडेकरूला आणखी एक संधी ठेवली आहे. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली, पुढे भाडे नियमित दिले आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर कब्जाचा हुकूमनामा होत नाही. ‘करता येईल’ वाचून आजींनी घर गेले असे धरले असते.

तिसरी चूक सहज नजरेतून सुटते. शेवटच्या वाक्यात दावा कोणत्या कारणावरून, हे राहून गेले आहे. लांब वाक्याचा एक गुण असतो, त्यातली अट सगळ्या वाक्यावर पसरलेली असते. तोडले की ती पहिल्या तुकड्यात अडकते. नव्वद दिवसांचा नियम भाडे थकल्याच्या कारणापुरता आहे. घरमालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर त्याची तरतूद वेगळ्या कलमात आहे. म्हणून अट प्रत्येक तुकड्यात पुन्हा उच्चारावी लागते. त्यातले ‘त्याला’ही नको होते. घरमालक आणि भाडेकरू दोघेही व्याकरणाने पुल्लिंगी, त्यामुळे ‘त्याला’ म्हणजे कोणाला याचा पत्ता लागत नाही. शाळेत सांगतात, एकच शब्द पुन:पुन्हा वापरू नका. कायद्याच्या मराठीत ‘घरमालक’ दहा वेळा आला तरी चालेल.

दुरुस्त केलेला मजकूर असा झाला:

“भाडे किंवा कायद्याने मान्य केलेली भाडेवाढ थकली, या कारणावरून घरमालकाला जागा परत मिळवण्याचा दावा लगेच दाखल करता येणार नाही. त्याआधी थकबाकी मागणारी लेखी नोटीस भाडेकरूवर बजावलेली असली पाहिजे. ही नोटीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ मध्ये सांगितलेल्या रीतीने बजावावी लागते. नोटीस बजावल्यानंतरचे नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत घरमालकाला या कारणावरून दावा दाखल करता येणार नाही.”

‘नाही’ अजूनही शेवटीच आहे, पण आता पहिल्याच वाक्याच्या शेवटी. ‘बजावली पाहिजे’चे ‘बजावलेली असली पाहिजे’ झाले. एकात आज्ञा आहे, दुसऱ्यात दाव्याआधीची स्थिती. ‘लगेच’ हा शब्द मूळ कलमात नाही. तो मी जाणून घातला, कारण त्याच्याशिवाय पहिले वाक्य सुटे वाचले तर कायमची बंदी वाटते. वाक्य तोडताना असा एखादा सांधा स्वतः घडवावाच लागतो. तो कुठे घातला हे मात्र लक्षात ठेवायचे आणि कोणी विचारले तर सांगता आले पाहिजे.

काही गाठी अनुवादकाने एकट्याने सोडवायच्या नसतात. भाड्याच्या करारांत एक अट हमखास असते: जागेत प्राणी पाळायचे नाहीत किंवा व्यवसाय करायचा नाही, आणि इंग्रजीत त्यापुढे जोडलेले असते, ‘ज्याचा शेजाऱ्यांना त्रास होईल’. हे शेपूट फक्त व्यवसायाला लागते की प्राण्यांनाही? इंग्रजी वाक्य ते उघड करत नाही. मराठीत ते विशेषण नामाच्या आधी येते आणि लिंग-वचनही उघड करावे लागते. ‘शेजाऱ्यांना त्रास होईल असा व्यवसाय’ म्हटले, तर मुकाट्याने बसणारे मांजरसुद्धा बंद. ‘शेजाऱ्यांना त्रास होईल असे प्राणी किंवा असा व्यवसाय’ म्हटले, तर मांजर राहिले. ‘असा’ आणि ‘असे’ यातली एक मात्रा भाडेकरूचे मांजर ठरवते! अशा वेळी मी करार लिहिणाऱ्याला फोन करतो. दोनदा तरी असे झाले आहे की इंग्रजी लिहिणाऱ्यानेही तो प्रश्न आधी स्वतःला विचारलेला नव्हता.

तोडलेली मराठी हा कायद्याचा पाठ नव्हे, हेही आजींना सांगावे लागले. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे राज्याच्या कायद्याचा इंग्रजी पाठ अधिकृत धरला जातो. अर्थावरून वाद झाला, तर कोर्ट आधी तिथे पाहील. म्हणून मी तुकड्यांच्या शेजारी कलमाचा आणि पोटकलमाचा आकडा नेहमी लिहितो, म्हणजे वकिलाला मूळ वाक्य शोधता येते.

आजींनी चारही वाक्ये मोठ्याने वाचली, एकदाही मागे न जाता. मग ‘बजावल्यानंतरचे’ या शब्दावर थांबल्या. “म्हणजे नोटिशीवर लिहिलेली तारीख नव्हे, मला मिळाली ती?” मी हो म्हटले. त्यांनी पिशवीतून नोटिशीचे पाकीट काढले, पोस्टमनने दिले तो वार आठवला, माझे पेन मागून घेतले आणि पाकिटावर तारीख लिहिली.