तहसील कार्यालयात अर्ज दिलाय, पण पुढे काहीच हलत नाही? अर्जाचा नमुना, आवक क्रमांक आणि स्मरणपत्र समजून घ्या

सातबाऱ्यावर नाव चुकले की अर्ज करावा लागतो. तो बहुतेक जण करतातही. अडचण त्यानंतर सुरू होते. दोन महिन्यांनी चौकशीला गेल्यावर कार्यालयातून पहिला प्रश्न येतो, "आवक नंबर काय?" तो सांगता आला नाही तर "मग नवीन अर्ज द्या" असे उत्तर मिळते आणि दोन महिने वाया जातात.

हे टाळण्यासाठी अर्ज कसा असावा, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावर नाव 'सखुबाई' आहे, पण संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 'सकुबाई' असे उमटले आहे. फरक एका अक्षराचा, पण त्यामुळे बँकेत पीक कर्जाचे प्रकरण अडले आहे. अशी लेखनातील चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ नुसार दुरुस्त होते आणि त्यासाठी अर्ज तहसीलदारांकडे करतात. जमीन कोणाची, हिस्सा किती, असा वाद असेल तर मात्र हे कलम उपयोगाचे नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे.

अर्ज एका पानात बसला पाहिजे. तो असा लिहिता येईल:

प्रति,
मा. तहसीलदार, तालुका ____, जिल्हा ____

विषय : मौजे ____ येथील गट क्र. २१४ च्या सातबाऱ्यावरील नाव कलम १५५ नुसार दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) फेरफार क्र. ११८७
२) सन १९९८-९९ चा हस्तलिखित सातबारा

महोदय,
वरील गटात माझे नाव संदर्भ १ च्या फेरफाराने वारस म्हणून दाखल झाले आहे. फेरफारात व हस्तलिखित सातबाऱ्यावर ते 'सखुबाई' असे आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 'सकुबाई' असे नोंदले गेले आहे. ही लेखनातील चूक असून ती दुरुस्त करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.

सहपत्रे : १) चालू सातबारा २) हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल ३) फेरफार क्र. ११८७ ची नक्कल ४) आधार कार्डाची प्रत (एकूण ४, पाने ५)

अर्जदाराची सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, दिनांक

विषयाच्या ओळीत गाव, गट क्रमांक आणि मागणी, तिन्ही आली पाहिजेत. टपाल घेणारा कर्मचारी सहसा तेवढीच ओळ वाचतो आणि अर्ज कोणत्या संकलनाकडे, म्हणजे कोणत्या टेबलाकडे पाठवायचा ते ठरवतो. नुसते 'विनंती अर्ज' असे लिहिले तर कागद भलत्याच टेबलावर जाऊ शकतो.

मजकुरात कर्ज अडल्याची कहाणी नाही, हेही लक्षात आले असेल. ती खरी असली तरी तिच्यावरून आदेश होत नाही. आदेश होतो तो 'बरोबर नोंद कुठे आहे आणि चूक कुठे झाली' या दोन गोष्टींवर. म्हणून सहपत्रांमध्ये खरे वजन फेरफाराच्या आणि हस्तलिखित सातबाऱ्याच्या नकलेला आहे. या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. अनेक जण फक्त आधार कार्ड जोडतात, पण आधारवरून व्यक्तीचे नाव कळते, सातबाऱ्यावरची नोंद चुकली हे सिद्ध होत नाही. सहपत्रांची संख्या आणि पाने लिहिण्याचे कारण साधे आहे. पुढे एखादी नक्कल गहाळ झाली आणि "कागद अपुरे आहेत" असे कळवले गेले, तर ती जोडली होती हे पोचेवरूनच दाखवता येते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक-जावक शाखेत, म्हणजे बारनिशीत द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे केवळ गोल शिक्का नव्हे. त्यावर आवक क्रमांक, दिनांक आणि घेणाऱ्याची सही हवी. गर्दीत नुसता शिक्का मारून प्रत परत मिळते, तेव्हा तिथेच थांबून "क्रमांक टाकून द्या" असे सांगावे. घरी येऊन आधी त्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण शिक्क्याची शाई फिकी होते. स्वतः जाणे शक्य नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवता येतो, पण आवक क्रमांक नंतर कार्यालयातून विचारून घ्यावाच लागतो.

समजा, अर्ज ३ फेब्रुवारी २०२६ रोजी दिला आणि आवक क्रमांक ४१२ मिळाला. पंधरा दिवसांनी संबंधित संकलनात गेल्यावर कळते, की तलाठ्यांकडून (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अहवाल मागवला आहे. इथे बहुतेक जण समाधानाने परततात. खरे तर इथेच पुढचा प्रश्न विचारायचा असतो : ते पत्र कोणत्या जावक क्रमांकाने आणि कोणत्या तारखेला गेले? तो क्रमांक मिळाला तर तलाठ्यांकडे नेमके पत्र दाखवून विचारता येते. तो सांगता येत नसेल, तर पत्र अजून निघालेलेच नाही, असे होण्याची शक्यता मोठी.

शासकीय कामातील विलंब रोखण्यासाठी राज्यात २००५ चा कायदा आहे. त्याच्या कलम १० नुसार साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय व्हावा. उदाहरणातले ४५ दिवस २० मार्चला भरतात. त्यानंतर स्मरणपत्र द्यावे. त्याचा मजकूर चार ओळींचा पुरे:

विषय : गट क्र. २१४ वरील नाव दुरुस्ती, स्मरणपत्र क्र. १
संदर्भ : १) माझा अर्ज, आपला आवक क्र. ४१२, दि. ३/२/२०२६
२) आपले तलाठ्यांना पत्र, जावक क्र. ____, दि. ____
संदर्भ १ च्या अर्जास ४५ दिवस पूर्ण झाले आहेत. अद्याप निर्णय कळलेला नाही. अहवाल प्राप्त झाला असल्यास पुढील कार्यवाही करून मला लेखी कळवावे.

स्मरणपत्रात सगळी हकिगत पुन्हा लिहिण्याचा मोह होतो आणि त्यानेच घोटाळा होतो. जुना क्रमांक नसलेला लांब अर्ज बारनिशीत नवा अर्ज म्हणून नोंदला जातो, त्याची वेगळी फाईल होते आणि दोन फाईली दोन टेबलांवर पडून राहतात. स्मरणपत्रावर नवा आवक क्रमांक पडणारच, पण संदर्भात जुना असल्याने ते मूळ फाईललाच जोडले जाते. सोबत मूळ अर्जाच्या पोचेची छायाप्रत लावावी, सगळी सहपत्रे पुन्हा देऊ नयेत.

आणखी पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर दुसऱ्या स्मरणपत्राच्या खाली 'प्रत : मा. उपविभागीय अधिकारी, माहितीसाठी' असे लिहून ती प्रत त्या कार्यालयातही द्यावी. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. त्यात "काम का झाले नाही?" असे विचारले तर उत्तर देण्याचे बंधन नाही. त्याऐवजी "आवक क्र. ४१२ च्या अर्जावरील टिपणी आणि केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात" असे मागावे. फाईल कोणाकडे किती दिवस होती, हे त्या कागदांवरच्या तारखांवरून दिसते.

तहसीलदारांचा आदेश झाला म्हणजे सातबारा लगेच बदलला असे नाही. आदेशावरून फेरफार नोंदवला जातो आणि तो प्रमाणित झाल्यावर नाव बदलते. म्हणून आदेशाची प्रत घेताना त्याचा क्रमांक टिपून ठेवावा, तलाठ्यांकडे फेरफार क्रमांक विचारावा आणि काही दिवसांनी सातबाऱ्याबरोबर आठ-अ सुद्धा काढून दोन्हीवर 'सखुबाई' आले का ते पाहावे.