गॉगल बसतो की बसवला जातो?

ऑनलाइन दुकानात एखादा गॉगल आवडला की खाली ‘घालून पाहा’ असं बटण दिसतं. आपली सेल्फी दिली की क्षणात तो गॉगल डोळ्यांवर येतो आणि बहुतेक वेळा छानच दिसतो. घरी आलेला खरा गॉगल मात्र कधी कानशिलांवर रुततो, तर कधी मान खाली घातली की नाकावरून घसरतो.

साध्या ॲपमध्ये गॉगल म्हणजे समोरून काढलेला आणि मागची पार्श्वभूमी काढून टाकलेला एक सपाट फोटो असतो. सॉफ्टवेअर आपल्या चेहऱ्यावर डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, जबड्याची कडा अशा खुणा शोधतं. गूगलच्या मीडियापाइप या प्रणालीत अशा ४६८ खुणा आहेत. पण सपाट गॉगल चिकटवायला दोनच पुरतात. डोळ्यांच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजायचं, त्याच्या ठरावीक पटीत गॉगलचा फोटो लहानमोठा करायचा आणि ती रेघ जितकी तिरकी असेल तितका तो फिरवायचा. म्हणूनच मान खांद्याकडे कलवली की गॉगलही बरोबर कलतो.

सगळी गोम त्या ‘ठरावीक पटीत’ आहे. एक फ्रेम १३० मिलिमीटर रुंद आणि दुसरी १४६ असली, तरी दोन्हींचे फोटो आपल्या चेहऱ्याच्या मापाने ताणले जातात आणि पडद्यावर सारखेच रुंद दिसतात. रंग आणि आकार शोभतो की नाही, हे तिथे कळतं. माप मात्र कळतच नाही, कारण प्रत्येक गॉगल आधीच आपल्या मापाचा करून दाखवलेला असतो.

खरं माप दाखवायचं तर फोटोत एखादी माहीत असलेली लांबी हवी. अशी लांबी डोळ्यातच असते. बुबुळाचा रंगीत गोल बहुतेक प्रौढांमध्ये साधारण ११.७ मिलिमीटर रुंद असतो. समजा, सेल्फीत तो ४७ पिक्सेल भरला, तर एका मिलिमीटरला सुमारे ४ पिक्सेल पडले. मग १३० मिलिमीटरची फ्रेम ५२० पिक्सेल आणि १४६ ची ५८४ पिक्सेल रुंद काढायला हवी, आणि आता फरक उघड दिसतो. पण बुबुळाची कडा पापणीच्या सावलीत अंधुक झाली आणि मोजणी २ पिक्सेलनी चुकली, तर १४० मिलिमीटरच्या फ्रेममध्ये ६ मिलिमीटरची चूक शिरते. तेवढ्याने घट्ट बसणारी फ्रेम बेताची वाटू शकते. यासाठी फोटो उजेडात, डोळे नीट उघडे ठेवून काढलेला बरा.

त्यात सेल्फी हाताच्या अंतरावरून काढलेली. कॅमेरा डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर आणखी १० सेंटिमीटर मागे असलेले कान डोळ्यांच्या तुलनेत पाऊणपटच मोठे दिसतात. चेहरा मध्यभागी फुगतो, कडांना आत ओढला जातो आणि फ्रेम आहे त्यापेक्षा ऐसपैस वाटते. दीड मीटरवरून दुसऱ्या कुणी काढलेल्या फोटोत ही तफावत जेमतेम ६ टक्के उरते.

सपाट फोटो ओळखायची खूण म्हणजे मान उजवीडावीकडे वळवून पाहणं. ३० अंश वळलात की डोळ्यांमधलं दिसणारं अंतर अंदाजे १३ टक्क्यांनी घटतं. सपाट गॉगल मग रुंदीबरोबर उंचीलाही आक्रसतो आणि लहान मुलाचा वाटू लागतो. खऱ्या गॉगलची उंची तशीच राहते; पलीकडची काच अरुंद होते, अलीकडची काडी कानापर्यंत दिसू लागते आणि पलीकडची चेहऱ्याआड जाते. हे दाखवायला गॉगलचं त्रिमितीय मॉडेल लागतं. शिवाय डोक्याचाही एक अदृश्य साचा लागतो, म्हणजे त्यामागे गेलेला भाग सॉफ्टवेअर रंगवत नाही.

टोपीच्या बाबतीत अडचण वाढते, कारण चेहऱ्याच्या खुणा कपाळापाशी संपतात. माथा कुठे आहे याचा अंदाजच करावा लागतो आणि फुगीर केस तो हमखास चुकवतात. खरी हॅट केस दाबते. चिकटवलेल्या हॅटच्या बाजूंनी ते पूर्वीसारखेच बाहेर उभे राहतात, आणि काठाची सावली कपाळावर पडत नाही. स्कार्फ सर्वांत अवघड. त्याचा अर्धा भाग मानेमागे, अर्धा पुढे, वर मोकळे केस. शिवाय सुती आणि रेशमी कापडाच्या चुण्या वेगळ्या पडतात, त्या एका स्थिर फोटोत आधीच गोठलेल्या असतात. रंग चेहऱ्याला उठाव देतो का, एवढंच तिथे पाहावं.

गॉगल घेताना घरातला नीट बसणारा जुना चष्मा काढून काडीची आतली बाजू वाचा. तिथे बहुधा ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. फ्रेमची पुढची पूर्ण रुंदी त्यात नसते, ती पट्टीने मोजून घ्या. मग हे आकडे दुकानाच्या पानावरच्या मापांशी ताडून पाहा.