तीन बरोबर, एक जादा, मार्क मात्र भोपळा!

ऑनलाइन टेस्ट संपते, रिझल्टची स्क्रीन उघडते. प्रश्न चार मार्कांचा. तुम्ही टिक केलेल्या चार पर्यायांपैकी तिघांपुढे हिरवी खूण, एकापुढे लाल. आणि मार्क? शून्य! वर सूचनेत तर स्पष्ट लिहिलेलं असतं, ‘पार्शल मार्किंग लागू’. मग तीन बरोबर पर्यायांचे मार्क गेले कुठे? पहिला संशय अर्थातच सॉफ्टवेअरवर जातो. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो. ‘पार्शल’ या शब्दाचा आपण लावलेला अर्थ आणि पेपर काढणाऱ्याचा अर्थ, हे दोन वेगळे असतात.

एक प्रश्नच घेऊ, बारावीच्या गणितातला. f(x) = x|x| या फलनाबद्दल कोणती विधानं बरोबर? (अ) ते x = 0 ला सलग आहे. (ब) x = 0 ला त्याचा डेरिव्हेटिव्ह निघतो. (क) x = 0 ला दुसरा डेरिव्हेटिव्हही निघतो. (ड) ते सगळीकडे वाढतं आहे.

यातलं ‘क’ बघा, किती साळसूद दिसतंय! ‘ब’ बरोबर ठरलं की हात आपोआप ‘क’कडे जातो; पहिला निघाला तर दुसरा का नाही निघणार? पण जरा थांबून मांडून बघा. शून्याच्या उजवीकडे हे फलन x² आहे आणि डावीकडे -x². पहिला डेरिव्हेटिव्ह उजवीकडे 2x, डावीकडे -2x. शून्याला दोन्ही बाजूंनी शून्यच येतो, म्हणून ‘ब’ बरोबर. थोडक्यात, पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे 2|x|. त्याचा आलेख इंग्रजी V सारखा, बरोबर शून्यावर टोक असलेला. आता दुसरा काढायला गेलात तर उजवीकडून 2 येतो आणि डावीकडून -2. दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे ‘क’ चूक. उत्तर अ, ब, ड. तुम्ही टिक केलेत चारही.

आता मार्क देणाऱ्याच्या खुर्चीत बसा. समजा नियम असा केला, की प्रत्येक बरोबर टिकला मार्क द्यायचे आणि चुकीच्या टिककडे दुर्लक्ष करायचं. मग अभ्यास करायची गरजच काय? प्रत्येक प्रश्नात चारही चौकोन टिक करा आणि पूर्ण मार्क घेऊन घरी जा. हा जुगाड बंद करायचा तर जादा टिकची काही ना काही किंमत वसूल करावीच लागते. ती कशी करायची, यावर मात्र प्रत्येक परीक्षेचं आपलं वेगळं गणित आहे.

मूडलसारख्या प्रणालीत शिक्षक प्रत्येक पर्यायाला टक्केवारी देतात. अ, ब, ड यांना प्रत्येकी ३३.३३ टक्के आणि ‘क’ला उणे ३३.३३ ठेवले, तर तुमच्या चार टिकना साधारण ६७ टक्के मार्क मिळतील. पण शिक्षकांनी ‘क’ला उणे १०० ठेवले असतील, तर शंभरातून शंभर गेले, हाती भोपळा. दुसरी पद्धत जास्त कडक: पार्शल मार्क फक्त अर्धवट उत्तराला, चुकीची भेसळ असलेल्या उत्तराला नाही. नुसते अ आणि ब टिक केले असते तर काही मार्क मिळाले असते. त्यात ‘क’ आला की सगळंच बाद. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड तर आणखी पुढे जाते. २०२३ च्या पेपरात याच धर्तीच्या प्रश्नांना पूर्ण उत्तरासाठी ४ मार्क होते, तीनपैकी दोनच बरोबर पर्याय निवडले तर २, आणि एकही चुकीचा पर्याय आत आला तर थेट उणे २. गेटमध्ये २०२१ पासून असे प्रश्न आले, पण तिथे पार्शल भानगडच नाही. सगळं बरोबर तर मार्क, नाही तर शून्य; निगेटिव्हही नाही.

म्हणजे त्याच चार टिक, त्याच माणसाच्या. कुठे ६७ टक्के, कुठे शून्य, कुठे उणे २. म्हणूनच सूचनांचं पान ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत उडवू नका. ‘पार्शल’ हा शब्द सापडला म्हणून तिथेच खूश होऊ नका. त्याच्या पुढचं वाक्य शोधा, चुकीचा पर्याय निवडल्यास काय होईल ते सांगणारं.

आता खरा प्रश्न. तीन पर्याय पक्के आहेत, चौथ्याबद्दल धाकधूक आहे. टिक करायचा की सोडायचा? इथे बहुतेक जण मनात हिशेब करतात, ‘तीन तर हातात आहेत, चौथ्याने झाला तर फायदाच’. हा हिशेब दोन्ही बाजूंनी कच्चा आहे. चौथा पर्याय चुकीचा असेल, तर तो न निवडताच तुमच्या हातात तीन नाही, पूर्ण चार मार्क आहेत! कारण मग तुमचे तीन हेच संपूर्ण उत्तर. म्हणजे टिक करून एक मार्क कमावण्यासाठी तुम्ही चार मार्क पणाला लावता.

एका चुकीला शून्य देणारा नियम धरून आकडे मांडू. समजा अशी शंका दहा प्रश्नांत आली आणि त्यातल्या पाच प्रश्नांत तो चौथा पर्याय बरोबर निघाला. दहाही वेळा टिक केलंत तर पाच वेळा चार मार्क, म्हणजे २०. दहाही वेळा सोडलात तर पाच वेळा तीन आणि पाच वेळा चार, म्हणजे ३५. फिफ्टी-फिफ्टीत एवढा फरक! दहापैकी आठ वेळा पर्याय बरोबर निघाला तरच दोन्हीकडे ३२ होतात आणि बरोबरी होते. म्हणजे ८० टक्क्यांपेक्षा जास्त खात्री असेल तरच त्या चौकोनाला हात लावायचा. उणे २ च्या नियमात ही रेष ८६ टक्क्यांच्या जवळ जाते.

गंमत अशी, की पक्का पर्याय एकच असेल आणि शंकाही एकाच पर्यायाची असेल, तर ही रेष ६७ टक्क्यांपर्यंत खाली येते. कारण तिथे शंकेचा पर्याय बरोबर ठरला तर फायदा एकाचा नाही, दोन मार्कांचा असतो. जितकं जास्त येतं, तितका शेवटचा टिक महाग. (वर्गातली हुशार मुलं या प्रश्नांत का आपटतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. त्यांना शेवटचा चौकोन रिकामा बघवतच नाही.)

पण ८० टक्के खात्री मोजायची कशी? साधी पद्धत आहे. चार पर्यायांना एकमेकांशी ताडू नका, प्रत्येकाला स्वतंत्र ‘खरं की खोटं’ समजा. टिक करण्याआधी रफ पानावर एका ओळीत कारण लिहा. ‘ड’साठी लिहिता येईल: डेरिव्हेटिव्ह 2|x|, कुठेच ऋण नाही, शून्य फक्त एका बिंदूला, म्हणजे वाढतं. ‘क’साठी पेन टेकवलंत की ‘पहिला निघतो म्हणून...’ याच्या पुढे वाक्य सरकत नाही. तिथे ८० टक्के नाहीत, नुसता वास आहे. आणि आधीच तीन टिक केलेत म्हणून चौथा चुकीचाच असेल, असाही अंदाज बांधू नका. चारही बरोबर असलेले प्रश्न येतात.

तरीही शून्याबद्दल शंका असेल, तर त्याच टेस्टमधला असा प्रश्न शोधा, ज्यात तुम्ही कमी टिक केलेत पण सगळे बरोबर. तिथे थोडे मार्क मिळाले असतील तर प्रणाली नीट चालली आहे. जादा टिकनेच घात केला. तिथेही शून्य दिसलं, तर सूचनेत पार्शल लिहिलंय पण सेटिंग तसं नाही, हे स्क्रीनशॉटसह सरांना दाखवा. आणि तुमच्या मते ‘क’ खरोखर बरोबर असेल, तर वाद मार्किंगशी नाही, उत्तरसूचीशी आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तात्पुरती उत्तरसूची आल्यावर आक्षेप नोंदवायला मुदत मिळते. क्लासच्या टेस्टमध्ये सरांना गाठावं लागतं. दोन्हीकडे ‘पर्याय बरोबर वाटतो’ एवढ्याने भागत नाही. डावीकडून किती आलं, उजवीकडून किती आलं, ते मांडून न्या.