फोटो आला, पण प्रश्न कुठे आहे?

समजा, तुमच्या मोबाईलवर एका शेतकऱ्याने फोटो पाठवला. हिरव्या हरभऱ्यात मध्येमध्ये तपकिरी, वाळलेले चट्टे दिसतात. खाली एक अक्षरही लिहिलेलं नाही. तुम्ही काय कराल? बरेच जण लगेच औषधाचं नाव कळवतात. पण थांबा. मर रोग, साचलेलं पाणी किंवा चुकून पडलेलं तणनाशक, यातल्या कशानेही पीक असं वाळतं आणि लांबून घेतलेल्या फोटोत सगळं सारखंच दिसतं. म्हणून आधी विचारा.

१. चट्टे नेमके कुठे आहेत?
सखल भागात, पाटाच्या कडेला असतील तर पाण्याचा संशय घ्या. पंप मारत गेल्यासारखे सरळ ओळीत असतील तर फवारणीचा. कुठेही विखुरलेले असून दर आठवड्याला वाढत असतील तर रोगाचा.

२. पेरणी होऊन किती दिवस झाले आणि त्यानंतर काय काय केलं?
शेवटचं पाणी कधी दिलं, काय फवारलं, तोच पंप आधी तणनाशकासाठी वापरला होता का, हे सगळं यात आलं.

३. मागच्या वर्षी या रानात कोणतं पीक होतं?
मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षं टिकते. हरभऱ्यावर हरभरा घेतला की ती वाढत जाते.

४. झाड उपटून पाहिलं का?
हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. चट्ट्याच्या मधलं पूर्ण वाळलेलं झाड नको, कडेचं नुकतंच सुकू लागलेलं झाड उपटायला सांगा. मग मुळाजवळचं खोड चाकूने उभं चिरून त्याचा जवळून फोटो मागा.

आता आपल्या शेतकऱ्याची उत्तरं बघू. पीक ६० दिवसांचं आहे, रान दोन वर्षं हरभऱ्याचंच आहे, चट्टे विखुरलेले आहेत, तणनाशक मारलेलं नाही. खोड चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेघ दिसली, पण मुळं वरून चांगली आहेत. ही लक्षणं मर रोगाची. मुळं काळी पडून कुजली असती तर आपण आधी पाणी काढून द्यायला सांगितलं असतं. मूळ कोरडं, ठिसूळ असून बारीक मुळ्या झडल्या असत्या, तर तो मूळकूज हा वेगळा रोग ठरला असता.

मग सल्ला काय? वाळलेली झाडं कोणत्याही फवारणीने परत हिरवी होत नाहीत, हे स्पष्ट सांगायचं. म्हणजे त्याचा औषधाचा खर्च तरी वाचेल. खरा उपाय पुढच्या पेरणीत आहे. पिकाची फेरपालट करायची, विजय किंवा दिग्विजयसारखं मर रोगाला तोंड देणारं वाण घ्यायचं आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचं.

चिरलेलं खोड पाहूनही शंका राहिली, तर औषधाचं नाव सांगू नका. ओल्या मुळांसकट दोन-तीन झाडं जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यायला सांगा.