दहा पंप आणि एक रोहित्र

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर शिवारातल्या डीपीपाशी जाऊन पाहावे. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी ठरावीक तासच येते, तीही कधी रात्री. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच जोडतात. वीज आली की पंप आपोआप सुरू. सोय मोठी, पण त्यामुळे डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात.

याचा हिशेब करून पाहू. ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता सुमारे ८४ अँपिअर. पाच अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण साडेसात अँपिअर घेतो. म्हणजे दहा पंपांना ७५ अँपिअर, ते रोहित्राला झेपतात. परंतु थेट सुरू होणारी मोटर पहिले काही सेकंद सहापट प्रवाह ओढते. दहा मोटरींचे मिळून ४५० अँपिअर! विद्युतदाब कोसळतो. तो पाचव्या हिश्शाने घटला, तर मोटरचा पीळ ६४ टक्केच उरतो, कारण पीळ दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. मोटरी गती घ्यायला वेळ लावतात, तेवढा वेळ प्रवाह चढलेलाच राहतो आणि फ्यूज उडतात. मग कोणीतरी फ्यूजमध्ये जाड तार घालतो आणि पुढच्या वेळी रोहित्रच जळते.

उपाय साधा आहे. वीज आल्यावर प्रत्येक पंपाने वेगवेगळा वेळ थांबावे. एक लहान मायक्रोकंट्रोलर, रिले, वीजपुरवठा आणि डबा, एवढ्या साहित्यात काम होते.

खरी गंमत पुढे आहे. विद्यार्थी सहसा थांबण्याचा वेळ `random()` वापरून ठरवतात. टेबलावर एकच संच छान चालतो. पण आर्डुइनोमध्ये हे फलन दर वेळी वीज आल्यावर तीच आकड्यांची मालिका देते. दहाही संच मग एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी सुरू होतात! त्यापेक्षा प्रत्येक संचात त्याचा क्रमांक कायमचा साठवावा आणि क्रमांक गुणिले वीस सेकंद थांबावे. दहावा पंप २०० सेकंदांनी सुरू होईल. परीक्षा सोपी: तीन संच एकाच बटणावर जोडून पुढे दिवे लावा आणि वीज चार-पाच वेळा घालवून पाहा. मध्येच वीज गेली, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली पाहिजे.

दुसरी चूक अधिक धोक्याची. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेले असते. स्टार्टरची कॉइल मात्र बहुधा दोन फेजांमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. रिलेने एक छोटा कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉइलचा मार्ग त्यातून न्यावा. शेतावरची जोडणी परवानाधारक वायरमननेच, वीज बंद करून करावी.

डीपीवर चोरून जोडलेले जादा पंप असतील, तर मात्र हा संच निरुपयोगी आहे. पंधरा पंप एकामागून एक सुरू झाले, तरी चालताना ११२ अँपिअर ओढणारच. म्हणून प्रकल्प हाती घेण्याआधी डीपीवरचे पंप मोजून यावेत.